रोज मूड-एनर्जी लिहितो, पण रविवारचा गोषवारा दर वेळी गुरुवारवरच बोट ठेवतो

बांधावरचा_आंबा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. दिवाळीपासून मी रोज रात्री आठला, जेवणाच्या आधी, फोनवर दोन आकडे टाकतो. एक मूडचा, एक एनर्जीचा, दोन्ही १ ते १०. नागपूरच्या भाच्यानं शीट बनवून दिली आहे. रविवारी रात्री तिच्यातून आठवड्याचा गोषवारा येतो : दोन्हींची सरासरी, सगळ्यात चांगला दिवस, सगळ्यात खराब दिवस आणि 'मागच्या आठवड्याच्या तुलनेत' अशी एक ओळ.

अंग सारखं गळून जायचं म्हणून तालुक्याला डॉक्टरांना दाखवलं होतं. रक्त, साखर, थायरॉइड सगळं नीट निघालं. ते म्हणाले, महिनाभर लिहून आणा, मग बोलू. म्हणून हे लेखन.

मागचा आठवडा असा गेला (आधी मूड, मग एनर्जी) :

सोम ६, ७
मंगळ ६, ५
बुध ६, ४
गुरु ४, ३
शुक्र ६, ५
शनि ६, ६
रवि ७, ७

गोषवारा म्हणतो : मूड सरासरी ५.९, एनर्जी ५.३, सर्वात कमी गुरुवार, फारसा बदल नाही. त्याच्या आधीच्या आठवड्यांतही गुरुवारच. आमच्याकडे गुरुवार बाजाराचा. कपाशीचा भाव कानावर पडतो, कृषी केंद्रवाला समोर दिसतो, त्याची खत-बियाण्याची उधारी अजून बाकी आहे. माझा अंदाज असा की मन खट्टू होतं म्हणून अंगही गळतं. तर बाजारच सोडावा का? दारव्ह्याकडची सात एकर शेती आहे, हरभरा-गहू उभा, कपाशीची शेवटची वेचणी चालू आहे.

वऱ्हाडी_ठेचा

भाऊ, कपाशीचा भाव आयकून ज्याचा मूड ४ राह्यला तो मानूस लय मजबूत हाय. आमचा तं २ वर जाते. ह.घ्या.

आकडेमोडे

यात शंकाच नाही. सलग इतके गुरुवार खाली आणि दोन्ही आकडे एकत्र खाली, म्हणजे पॅटर्न सिद्ध झाला. मूड पडला की एनर्जी पडते हे सरळ दिसतंय. एक सुधारणा मात्र करा, १ ते १० ऐवजी १ ते १०० ठेवा. बारीक फरक दिसतील.

चाफ्याची_ताई

गुरुवार म्हणजे गजानन महाराजांचा वार. दादा, उपवास करता का? दिवसभर चहावर असाल तर आठ वाजता ३ येणारच की. त्याला शीट कशाला हवी!

बांधावरचा_आंबा

ताई, करतो. शेगावची वारी झाल्यापासून गुरुवार धरलाय. संध्याकाळी साबुदाणा खाऊन सोडतो. हे तर डोक्यातच नव्हतं आलं.

वऱ्हाडी_ठेचा

साबुदाना खाऊन एनर्जी ३? मंग शेंगदाने कमी पडले.

निवृत्त_समुपदेशक

सरकारी दवाखान्याच्या मानसिक आरोग्य विभागात बरीच वर्षं काढली, त्यातली बहुतेक तुमच्याच जिल्ह्यात. असे तक्ते कागदावर पुष्कळ भरून घेतले आहेत, म्हणून लिहितो.

आंबाभाऊ, तुमच्या तक्त्यातली सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे मूड आणि एनर्जी वेगळे लिहिलेत. पुष्कळ जण 'आज कसं वाटलं' असा एकच आकडा घेतात, मग थकवा आणि उदासी एकमेकांत मिसळून जातात. आता तो आठवडा वरून खाली पुन्हा वाचा. एनर्जी मंगळवारीच ७ वरून ५ ला आली, बुधवारी ४, गुरुवारी ३. मूड मात्र मंगळवारी ६ आणि बुधवारीही ६. तो पडतो तो थेट गुरुवारी. म्हणजे आधी अंग उतरलं, मन नंतर. आकडेमोडेसाहेब म्हणतात तो क्रम तुमच्या आकड्यांत उलटा आहे. दोन गोष्टी एका दिवशी खाली दिसल्या म्हणजे एकीनं दुसरीला ओढलं असं होत नाही. कोण आधी निघालं ते बघावं लागतं, आणि गोषवाऱ्यात तेच गळून जातं, कारण तो फक्त सगळ्यात खालचा दिवस सांगतो.

तेव्हा मला गुरुवारपेक्षा सोमवारच्या रात्रीत जास्त रस आहे. पंप चालवायला तुमच्या फीडरला थ्री फेज लाइन कधी असते?

बांधावरचा_आंबा

सोम, मंगळ, बुध रात्रीची. बाकी दिवस दिवसा. या महिन्याचं वेळापत्रक असंच आहे.

अन् हो, तिन्ही रात्री मी शेतातच असतो.

वऱ्हाडी_ठेचा

घ्या! रातभर वलीत करून दुसऱ्या दिवशी फोनले सांगते का मले काहून थकल्यासारखं वाटते.

निवृत्त_समुपदेशक

ठेचा, हसू नका. माणूस रोज जे करतो ते त्याला कारण म्हणून दिसतच नाही. बाजार आठवड्यातून एकदा असतो, तिथे कोणीतरी खुपेल असं बोलतं, म्हणून तो लक्षात राहतो. रात्रपाळी सवयीची झालेली असते.

शीटला तर ती ठाऊकच नाही. तिला वार कळतो, झोप कळत नाही. आंबाभाऊ, आणखी दोन रकाने वाढवा : काल रात्री किती तास झोप झाली आणि काल रात्री पंपावर होतो का, हो किंवा नाही. एवढंच. दहा रकाने केलेत तर पंधरा दिवसांत सगळंच सुटेल.

विहीरवाला

ऑटो बसवला की झोपता येते की. लाइन आली की पंप आपोआप सुरू.

बांधावरचा_आंबा

ऑटो आहे. पण पंप सुरू झाला म्हणून गव्हाचं पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात आपोआप जात नाही. हरभऱ्याला तुषार संच आहे, तिथे दर दोन-अडीच तासांनी पाइप उचलून पुढे मांडावे लागतात. वरून रानडुकरं. सलग दोन तास डोळा लागला तर नशीब.

विहीरवाला

मग सौर पंपाचा अर्ज भरा. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' मध्ये आमच्या गावात बसलेत. दिवसा पाणी, रात्री झोप.

पांदण_रस्ता

सौर पंपावर वेगळा धागा आहे, तिकडे चला. इथे ते सुरू झालं तर मूड-एनर्जी राहील बाजूला. (आमचा अर्ज भरून किती दिवस झाले ते तिकडेच लिहितो.)

आकडेमोडे

समुपदेशकसाहेब, क्रमाचा मुद्दा मान्य. पण मग वार सोडून 'आदल्या रात्री पंप' याच्यावर सरासरी काढली तर? ते सोपं आहे. शीटमध्ये B मूड, C एनर्जी, D मध्ये त्या तारखेच्या रात्री पंपावर असाल तर 1, नसाल तर 0. मग दुसऱ्या दिवशीची एनर्जी :

```
=AVERAGEIFS(C3:C29,D2:D28,1)
=AVERAGEIFS(C3:C29,D2:D28,0)
```

C ची रांग D च्या एक ओळ खाली ठेवली आहे, म्हणून आजच्या रात्रीला उद्याचा आकडा जोडला जातो. मूडसाठी C च्या जागी B. मात्र तारखा एकाखाली एक सलग हव्यात. न भरलेल्या दिवसाची ओळच गाळली तर जोडी चुकेल.

वर दिलेल्या आठवड्यावर मी हातानं केलं. सोमवारच्या आदल्या रात्री पंप नव्हता असं धरलं आहे. पंपाच्या रात्रीनंतरचे दिवस मंगळ, बुध, गुरु, एनर्जी ५, ४, ३, सरासरी ४. उरलेल्या चार दिवसांची ६.२५. सव्वादोनचा फरक! आता तरी सिद्ध झालं म्हणू का?

निवृत्त_समुपदेशक

सूत्र झकास. 'सिद्ध' अजून नाही. तुमच्या मंगळ-बुध-गुरुत पंपही आहे आणि गुरुवारी बाजार आणि उपवासही आहे. एकाच दिवशी तिघं बसलेत, कोणाचा भार किती ते यावरून कळणार नाही.

पण कृषी फीडरचं वेळापत्रक बदलतं, हे इथे कामाला येईल. ज्या महिन्यात रात्रीची लाइन शुक्र-शनि-रविला जाईल, त्या महिन्यात खालचा दिवस जागा बदलतो की नाही ते बघा. बाजार गुरुवारचाच राहील, उपवासही गुरुवारचाच. बदलेल ती फक्त रात्र.

आणि १ ते १०० मुळीच करू नका. ६१ आणि ६४ यात फरक काय हे भरणाऱ्यालाच सांगता येत नाही. त्यापेक्षा चार-पाच आकड्यांना स्वतःच्या शब्दांत खुंट्या ठोकून ठेवा. माझ्याकडचे एक गृहस्थ असं धरायचे : एनर्जी ३ म्हणजे गुरांना चारा टाकायलाही जिवावर येतं, ५ म्हणजे रोजची कामं होतात पण वरचं काही नको, ८ म्हणजे कामं आटोपून कुंपणाची डागडुजी काढावीशी वाटते. मूडच्या वेगळ्या : ३ म्हणजे कोणी हाक मारलेलीही नको वाटते, ७ म्हणजे आपण होऊन पारावर जाऊन बसतो. असं नसेल तर कार्तिकातला ५ आणि माघातला ५ एक राहत नाहीत, आणि तुलना कशाची करायची तेच कळत नाही.

मोहाचं_फूल

मी पण लिहिते, पण माझं वेगळंच निघालं. मूड ६-७ च्या आसपास सरळ रेघ आणि एनर्जी सदा ३-४. माझ्या अ‍ॅपचा गोषवारा दर आठवड्याला सांगायचा, 'आठवडा स्थिर'. मला वाटायचं, स्थिर आहे म्हणजे चांगलंच आहे. शेवटी आशाताई म्हणाली, अगं, रोज ३ म्हणजे स्थिर नाही, आजारी. हिमोग्लोबिन केलं, ७.८ निघालं. पाळीत फार जात होतं.

गोळ्या सुरू झाल्यावर दुसरी गोष्ट दिसली. महिन्यातले चार-पाच दिवस मूड खाली जातो, पाळीच्या आधीचे. आठवड्याच्या गोषवाऱ्यात हे कधीच येत नव्हतं. कधी ते आठवड्याच्या सुरुवातीला पडायचे, कधी शेवटी, कधी अर्धे या आठवड्यात अर्धे पुढच्यात. मी महिन्याचं पान भिंतीला लावून लाल टिकल्या लावल्या तेव्हा कळलं.

निवृत्त_समुपदेशक

मोहाताई, हे फार महत्त्वाचं लिहिलंत. सोमवार ते रविवार ही चौकट शरीराची नव्हे. पाळीला ती जुळत नाही, आणि तुमच्याकडे गुरुवार ते बुधवार असं काही फिरत असेल तर त्यालाही नाही. तीन-चार आठवडे एकाखाली एक मांडून डोळ्यांनी बघायचं. त्याला सूत्र लागत नाही.

डोंगरगावचे_मास्तर

आमच्या शाळेत एक प्रशिक्षण झालं होतं, त्यात शिक्षकांना असा तक्ता भरायला दिला. शनिवारी जमा करायचा होता. शुक्रवारी दुपारी स्टाफरूममध्ये सगळ्यांनी एकदम भरला. गोषवारा आला तेव्हा सगळ्या शाळेचा मूड ७ आणि एनर्जी ७. मुख्याध्यापक खूश. म्हणून माझं या प्रकाराबद्दल मत वाईट आहे. शिवाय रोज स्वतःला विचारत बसलं की 'बरं वाटतंय का?', की नसलेलंही दुखायला लागतं.

निवृत्त_समुपदेशक

मास्तर, पहिल्या मुद्द्यावर तुमच्याशी सहमत. एका बैठकीत पाच दिवस भरले की पाचही दिवस त्या बैठकीच्या मूडचे होतात. आज बरं असेल तर सोमवारही बरा आठवतो. ओळखायला सोपं आहे : फोनच्या फॉर्ममध्ये प्रत्येक नोंदीची वेळ आपोआप पडते. पाच नोंदी एका मिनिटात पडलेल्या दिसल्या तर तो आठवडा बाजूला ठेवायचा.

दुसऱ्या मुद्द्यावर मी अर्धा तुमच्या बाजूला. काही लोकांना खरंच त्रास होतो, विशेषतः जे आकडा टाकल्यावर 'का, का' करत अर्धा तास बसतात. त्यांना मी सांगतो, दोन आकडे टाका, फोन उलटा ठेवा, विचार रविवारी. तरी घोळ थांबला नाही तर तक्ता बंद. त्याचं काही व्रत नाही.

पण एक विचारायचं राहिलं. आंबाभाऊ, तुमचे कोरे दिवस कोणते? जे भरलेच नाहीत ते?

बांधावरचा_आंबा

शेवटच्या दोन आठवड्यांत कोरा नाही. त्याच्या आधी होते, आता बघतो तर बहुतेक मंगळ-बुध. रात्री पंपावर जायचं म्हणून सातलाच आडवा व्हायचो, आठचा गजर बायकोनं बंद केलेला.

निवृत्त_समुपदेशक

मग त्या आठवड्यांच्या सरासरीवर जाऊ नका. तुमचे थकलेले दिवसच मोजणीतून निसटले होते, म्हणून एनर्जी खरी होती त्यापेक्षा चांगली दिसली असणार. उदासीत हे आणखी घातक होतं. माणूस ज्या दिवशी उठतच नाही त्या दिवशी भरतही नाही, आणि गोषवारा उरलेल्या चार बऱ्या दिवसांवर 'आठवडा ठीक' म्हणून मोकळा. कोऱ्या दिवसाला शून्यही धरू नका, ते दुसऱ्या टोकाचं खोटं. किती कोरे आणि कोणते, एवढं सरासरीच्या शेजारी छापायला भाच्याला सांगा.

पैनगंगेकाठची

धागा वाचत होते, लिहू की नको करत होते. माझ्या धाकट्या भावाची गोष्ट आहे, त्याची परवानगी घेऊन लिहिते.

तो पण अ‍ॅपवर मूड-एनर्जी टाकायचा. मागच्या उन्हाळ्यात त्याला गोषवारा आला, 'आतापर्यंतचा सर्वोत्तम आठवडा', वर फुलं-फुगे. मूड ९, एनर्जी १०. आम्ही पण खूश, कारण त्याच्या आधी दोन महिने तो खोलीतून बाहेर येत नव्हता. त्या आठवड्यात तो रात्री तीन तास झोपत होता आणि पहाटे तीनला ट्रॅक्टरवाल्यांना फोन करत होता. जुना ट्रॅक्टर घ्यायला दोघांना इसार देऊन आला. बोलताना एका वाक्यातून दुसऱ्यात उडी. बोलायला गेलं की चिडायचा. पुढच्या आठवड्यात दवाखान्यात न्यावं लागलं. डॉक्टरांनी बायपोलर सांगितलं. आता औषध चालू आहे, बरा आहे, स्वतःच्या हातानं लिहितो.

त्या अ‍ॅपला वरचा आकडा म्हणजे चांगलाच असं वाटतं. एवढंच सांगायचं होतं.

निवृत्त_समुपदेशक

ताई, तुम्ही लिहिलंत ते बरं झालं. म्हणूनच मी झोपेचा रकाना मागत होतो. आंबाभाऊ कमी झोपले की त्यांची एनर्जी पडते, हे शरीराचं साधं गणित. झोप तीन-चार तासांवर आली आणि एनर्जी पडायच्या ऐवजी चढली, थकवाच नाही, तर ती खूण वेगळी. सलग चार दिवस असं दिसलं तर रविवारची वाट बघायची नाही, डॉक्टरांना गाठायचं. ज्याला आधी खोल उदासी येऊन गेली आहे त्यानं तर चार दिवसही थांबू नये. २०१३ पासून मानसोपचारात या निदानाच्या व्याख्येत मूडच्या बरोबरीनं वाढलेली एनर्जी हाही मुख्य निकष झाला, तो याच अनुभवातून. माणूस 'मी आनंदात आहे' म्हणेलच असं नाही, पण तो दहा कामं अंगावर घेतो.

खालच्या टोकालाही तेच. जगणं नको असं मनात आलं तर तो आकडा टाकून रविवारपर्यंत ठेवायचा विषय नाही. टेली-मानसचा १४४१६ चोवीस तास चालू असतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. हे इथे वाचणाऱ्या कोणासाठीही.

पांदण_रस्ता

फवारणीचा दिवस कोणी लिहितं का? तुरीवर घाटेअळीची फवारणी केली की दुसऱ्या दिवशी माझं डोकं जड, मळमळ, अंगात त्राण नाही. आधी वाटायचं मूडच खराब आहे.

निवृत्त_समुपदेशक

तो मूड नाही, ते औषध अंगात गेलं. मूडच्या रकान्यात टाकून मोकळे होऊ नका. मळमळ, घाम, तोंडाला लाळ, डोळ्यांपुढे धूसर असं काही असेल तर अंघोळ करा, कपडे बदला आणि थेट दवाखान्यात जा, बाटली सोबत घेऊन. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात काय झालं ते आपण सगळ्यांनी बघितलं आहे.

वऱ्हाडी_ठेचा

हे मातर खरं हाय. आमच्या बाजूच्या गावात तवा दोन जन दवाखान्यात व्हते. तवापासून मी तोंडाले फडकं बांधल्याबिगर टाकी पाठीवर घेत नाही.

निवृत्त_समुपदेशक

ठेचा, नुसत्या फडक्यानं भागत नाही. ते ओलं झालं की औषध तोंडाशीच धरून ठेवतं. हातमोजे, गॉगल, पूर्ण बाह्या आणि मास्क. आणि वाऱ्याच्या विरुद्ध दिशेनं फवारू नका.

चाफ्याची_ताई

आंबादादा कुठे गेले? लाइन आली वाटतं.

बांधावरचा_आंबा

आलो. मध्ये बरेच दिवस गेले. नव्या महिन्यात रात्रीची लाइन शुक्र-शनि-रविला गेली. मुद्दाम बदल होऊन एक पूर्ण आठवडा जाऊ दिला. दोन्ही रकाने भरले, कोरा दिवस नाही, गजर आता माझ्याच फोनवर आहे.

नवा आठवडा, आधी मूड, मग एनर्जी :

सोम ६, ३
मंगळ ६, ५
बुध ६, ६
गुरु ४, ७
शुक्र ६, ७
शनि ६, ५
रवि ६, ४

पंपाच्या रात्री झोप तीन-चार तास, बाकी रात्री सात. गोषवारा काय म्हणतो ऐका : मूड ५.७, एनर्जी ५.३, मागच्या आठवड्याइतकीच, 'फारसा बदल नाही'!

आकडेमोडे

वा! एनर्जीची सरासरी दोन्ही वेळा ३७ भागिले ७, म्हणजे ५.३. आकडा तोच, आठवडा पार वेगळा. खालचा दिवस गुरुवारवरून उठून सोमवारी जाऊन बसला.

पंपाच्या रात्रीनंतरचे दिवस आता शनि, रवि, सोम. एनर्जी ५, ४, ३, सरासरी ४, पुन्हा तीच. उरलेल्या दिवसांची ६.२५, तीही पुन्हा तीच. मी आधी मूडमुळे एनर्जी म्हणत होतो, ते गेलं. गुरुवारी एनर्जी ७ आहे आणि मूड ४ च.

निवृत्त_समुपदेशक

दोन वेगळ्या गोष्टी होत्या, त्या महिन्यात एकाच दिवशी येऊन बसल्या होत्या. अंग रात्रीच्या लाइनमुळे पडतं, आणि तिसऱ्या रात्रीनंतर सगळ्यात जास्त, कारण झोपेची उधारी साठत जाते. उपवासानं एनर्जी पडत असेल तरी फार नाही, नाहीतर या गुरुवारी ७ आला नसता.

मन मात्र गुरुवारीच पडतं, पंप असो वा नसो. तिथे मी थांबतो. एक बदललेला आठवडा आहे, दोन-तीन अजून बघा.

चाफ्याची_ताई

पण मूड बाजारानं पडतो की उपवासानं, ते कुठे कळलं? पोटात काही नसलं की माणूस चिडतोच. आमच्या घरी एकादशीला कोणी कोणाशी बोलत नाही.

वऱ्हाडी_ठेचा

मंग उपवास सोडून पाहा एक गुरवार.

चाफ्याची_ताई

असं कसं सोडतील? वार धरलाय त्यांनी.

निवृत्त_समुपदेशक

उपवास नका सोडू. बाजार सोडा, एकदोन गुरुवार. भाजीपाला दुसऱ्या कोणाकडून मागवा, उपवास नेहमीसारखा. मूड ६ ला राहिला तर बाजार, ४ लाच आला तर ताईंचं म्हणणं वजनदार. मात्र बाजाराच्या ऐवजी पंपावर जाऊन बसू नका, नाहीतर पुन्हा घोळ.

डोंगरगावचे_मास्तर

माफ करा, पण याला एवढी शीट लागली? कृषी केंद्राची उधारी आहे, तो समोर आला की वाईट वाटतं, हे पहिल्याच पोस्टमध्ये भाऊंनी लिहिलं आहे. तक्त्यानं उधारी फिटत नाही.

बांधावरचा_आंबा

मास्तर, नाही फिटत. पण मी बाजार कायमचा सोडायला निघालो होतो, अन् तसं केलं असतं तरी अंग गळायचं ते गळलंच असतं, कारण ते रात्रीचं होतं. आता धाकट्याशी बोललोय, तीन रात्री लागोपाठ मी एकट्यानं न करता मधली रात्र तो करील. या आठवड्यापासून बघू. डॉक्टरांकडे दोन्ही आठवड्यांची पानं घेऊन जातो, सरासरी नाही नेत.

बाजाराचं म्हणाल तर या गुरुवारी मुलाला पाठवतो. उधारीवाल्याला मात्र सोमवारी त्याच्या दुकानावरच जाऊन भेटणार आहे, अर्धे पैसे शेवटच्या वेचणीचे देतो म्हणून. त्यानं आकड्यांचं काय होतं ते ठाऊक नाही.

आकडेमोडे

सोमवार नको! सोमवारी तुमची एनर्जी ३ असते. बुधवारी जा.

वऱ्हाडी_ठेचा

हहपुवा. आता उधारी द्याले पन शीट पाहून जाचं.

पैनगंगेकाठची

बुधवारचं मात्र खरंच पटलं.

विहीरवाला

एक शंका. माझ्या बाबांना फोन जमत नाही, अक्षरही धड येत नाही. गुडघे दुखतात, कधी खूप खुलतात, कधी दिवसभर गप्प. त्यांचं कसं लिहायचं? मी लिहिलं तर ते माझं मत होईल ना?

निवृत्त_समुपदेशक

हो, तुमचं मत होईल, म्हणून तुम्ही नका लिहू. एक भिंतीवरचं कॅलेंडर त्यांच्या खाटेजवळ टांगा आणि दोन रंगांचे खडू द्या. रोज दिवेलागणीला तारखेच्या चौकोनात मनासाठी एका रंगाच्या रेघा, अंगासाठी दुसऱ्या. एक रेघ वाईट, पाच चांगल्या. पाचच्या वर नको. गुडघा जास्त दुखला त्या दिवशी कोपऱ्यात एक ठिपका. तुम्ही फक्त आठवण करायची, 'किती काढल्या?' विचारायचं नाही. महिन्याचं पान उलटायच्या आधी त्याचा फोटो काढून ठेवा.

विहीरवाला

खडू शाळेतून आणतो. मास्तर, देता का दोन?

डोंगरगावचे_मास्तर

या उद्या. हिरवा आणि लाल आहे. निळा संपला.